प्लिंथ झाल्यावर किती?

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ज्यानं फ्लॅट घेतला आहे, त्याला टप्प्याटप्प्यानं पैसे देणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. महाराष्ट्रातल्या रेरा नियमांसोबतच्या नमुना करारनाम्यात ते वेळापत्रक छापलेलंच आहे. करारनामा झाल्यावर एकूण किमतीच्या ३० टक्क्यांपर्यंत, प्लिंथ झाल्यावर ४५ पर्यंत, सगळे स्लॅब पडल्यावर ७० पर्यंत, मग भिंती, जिने, बाहेरचा गिलावा, लिफ्ट असं करत करत ९५, आणि उरलेलं ताबा घेताना. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. लाखो रुपयांचा हा व्यवहार दोन अनोळखी पक्षांत होतो आणि मागताना किंवा देताना कुणालाही अवघडल्यासारखं वाटत नाही.

मात्र त्याच फ्लॅटच्या हॉलमध्ये बसून कुणी वेबसाइट बनवून देतं, कुणी पुस्तकाची मांडणी करतं, कुणी भाषांतर करतं. आणि नव्या ग्राहकाकडे कामाआधी पैसे मागायची वेळ आली की याच माणसांची जीभ रेटत नाही. ‘आधी काम तर दाखवू, पैशाचं काय, देतीलच की.’ भीड ही भिकेची बहीण असते हे आजीनं शंभरदा सांगितलेलं असतं, तरीही.

अडचण भिडेपुरती असती तर सोपं होतं. पुष्कळजण धीर करून मागतातही, पण चुकीचं मागतात. ‘निम्मे आधी, निम्मे काम झाल्यावर’ हे वाक्य कानाला न्याय्य वाटतं. त्यातली मेख ‘काम झाल्यावर’ या दोन शब्दांत आहे. काम झालं हे ठरवणार कोण? बिल्डरच्या वेळापत्रकाकडे पुन्हा पाहिलं की फरक लक्षात येतो. तिथं ‘प्लिंथ पूर्ण झाल्यावर’ असं लिहिलेलं असतं, ‘प्लिंथ ग्राहकाच्या पसंतीस उतरल्यावर’ असं नसतं. प्लिंथ झाली की नाही हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतं. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या पत्रात नेमकी हीच गोष्ट उचलायची असते: प्रत्येक हप्ता अशा घटनेला बांधायचा, जी त्याला स्वतःला घडवून आणता येते आणि जी घडली हे कुणालाही दिसतं.

एक नमुना घेऊन पाहू. पुण्यातली एक वेबसाइट डिझायनर आहे, एकटीच काम करणारी. सांगलीच्या एका हळद-मसाला उत्पादकाला मराठी आणि इंग्रजी अशी दोन भाषांतली वेबसाइट हवी आहे. तीस उत्पादनं, मागणी नोंदवायची सोय. ओळखीच्या ओळखीतून फोन आला, दोनदा बोलणं झालं, ९०,००० रुपये ठरले. काम साधारण सहा आठवड्यांचं.

तिनं आधी स्वतःपुरता हिशेब मांडला. नव्वदातले तीस हजार रचनेचे, म्हणजे पानं कशी दिसतील ते ठरवण्याचे. पंचेचाळीस हजार प्रत्यक्ष बांधणीचे. शेवटचे पंधरा हजार चाचणी, ग्राहकाच्या सर्व्हरवर हलवणं आणि त्याच्या माणसाला उत्पादनं कशी भरायची हे शिकवणं यांचे. हा हिशेब ग्राहकाला दाखवायचा नसतो. तो एकाच प्रश्नासाठी असतो: ग्राहक ज्या दिवशी फोन उचलायचा बंद होईल, त्या दिवशी आपले किती पैसे अडकलेले असतील?

‘२० टक्के आधी, बाकी साइट चालू झाल्यावर’ हे तिला पहिल्यांदा सुचलेलं वेळापत्रक होतं. त्यात सुरुवातीला १८,००० येतात. काम संपतं त्या दिवशी नव्वद हजारांचं काम हातावेगळं झालेलं असतं आणि ७२,००० बाहेर असतात. शिवाय साइट चालू होणं तिच्या हातात नाही. उत्पादकाच्या पुतण्यानं फोटो काढायचे आहेत, पाकिटांची नवी छपाई यायची आहे, मग दिवाळी येणार आहे. कुणाचीही नियत वाईट नसताना बहात्तर हजार चार महिने लटकू शकतात. बुडव्या ग्राहक क्वचित भेटतो. दिरंगाई करणारा मात्र पावलोपावली भेटतो, आणि वेळापत्रक त्याच्यासाठीच लिहायचं असतं.

दुसरा आराखडा तिनं असा केला: २७,००० आधी, रचना पाठवल्यावर २२,५००, पूर्ण साइट चाचणीच्या पत्त्यावर दिसू लागल्यावर २७,००० आणि ग्राहकाच्या सर्व्हरवर हलवण्याआधी १३,५००. आता मोजणी वेगळी होते. रचना पाठवली त्या दिवशी तीस हजारांचं काम झालेलं आणि सत्तावीस हजार हातात. जोखीम फक्त तीन हजारांची. पण बांधणी संपते तेव्हा पंचाहत्तर हजारांचं काम झालेलं असतं आणि हातात असतात ४९,५००. साडेपंचवीस हजार उघड्यावर. बांधणीचा टप्पा तीन आठवड्यांचा, म्हणजे तीन आठवडे एकही हप्ता नाही. वेळापत्रकातली कच्ची जागा अशीच सापडते: दोन हप्त्यांमधलं सगळ्यात लांब अंतर शोधायचं.

म्हणून तो टप्पा तिनं मधोमध कापला. पहिली दहा उत्पादनं आणि मागणीचा अर्ज चाचणीच्या पत्त्यावर दिसू लागल्यावर १५,०००, उरलेली वीस उत्पादनं आणि इंग्रजी पानं दिसल्यावर १२,०००. आता एकाही क्षणी १३,५०० पेक्षा जास्त रक्कम अडकत नाही. नव्वद हजारांच्या कामाला पाच वेळा पैसे म्हणजे जरा रेशनच्या रांगेसारखं वाटतं खरं. जुन्या ग्राहकाबरोबर तिनं तीनच हप्ते ठेवले असते, आणि ते योग्यच ठरलं असतं. पाच हप्ते नवखेपणाचे आहेत.

मग पत्र. ते पाठवायची वेळ फोनवर काम आणि रक्कम ठरल्यानंतरची, आणि ‘एक नमुना पान करून दाखवा ना’ या मागणीच्या आधीची. ईमेलनं पाठवलं तरी चालतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यात इलेक्ट्रॉनिक मार्गानं झालेले करार वैध धरले आहेत आणि ईमेलच्या देवाणघेवाणीतून करार पक्का होऊ शकतो हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० सालीच ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत या खटल्यात मान्य केलं आहे. ग्राहकाचं ‘मान्य आहे’ एवढं उत्तर पुरतं. तिचं पत्र असं होतं:

“मा. … यांस, सप्रेम नमस्कार.

मंगळवारी फोनवर ठरल्याप्रमाणे आपल्या वेबसाइटचे काम करण्यास मी तयार आहे. कामात काय काय येते त्याची यादी सोबत जोडली आहे. एकूण मोबदला ९०,००० रुपये.

पहिल्या टप्प्याच्या कामापोटी २७,००० रुपये आगाऊ पाठवावेत. रक्कम खात्यात जमा झाल्यावर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी काम सुरू करेन आणि तिथून दहा कामकाजाच्या दिवसांत मुख्य पान, उत्पादनाचे पान व संपर्काचे पान यांची रचना आपल्याकडे येईल. पुढचे हप्ते: रचना पाठवल्यावर २२,५००, दहा उत्पादने व मागणीचा अर्ज चाचणी पत्त्यावर दिसू लागल्यावर १५,०००, उरलेली उत्पादने व इंग्रजी पाने दिसू लागल्यावर १२,०००, आणि साइट आपल्या सर्व्हरवर हलवण्याआधी १३,५००. प्रत्येक हप्ता बिल मिळाल्यापासून सात दिवसांत यावा. तो आल्यावर पुढचा टप्पा सुरू होईल.

प्रत्येक टप्प्यावर दोन वेळा दुरुस्त्या करून देईन. त्या सात दिवसांत ईमेलवर कळवाव्यात. न कळवल्यास टप्पा मान्य आहे असे धरेन. दुरुस्त्या चालू असल्या तरी हप्ता ठरल्या दिवशी द्यावा. उत्पादनांचे फोटो व मजकूर वेळेत न आल्यास त्या जागी नमुना मजकूर घालून टप्पा पूर्ण करेन.

काही कारणाने काम थांबवावे लागले, तर तोवर झालेल्या कामाचे पैसे धरून उरलेली आगाऊ रक्कम परत करेन. डोमेन आणि होस्टिंग आपल्याच नावावर, आपल्याच खर्चाने घ्यावे. साइटच्या रचनेचे व कोडचे हक्क शेवटचा हप्ता मिळाल्यावर आपल्याकडे येतील.

हे मान्य असल्यास या ईमेलला तसे उत्तर द्यावे, म्हणजे बिल पाठवते. कळावे.”

पत्रात ‘क्षमस्व’ नाही आणि ‘माझा अनुभव वाईट आहे म्हणून’ हेही नाही. मागणीला कारण जोडलं की समोरचा त्या कारणाशी वाद घालतो. ‘अहो, आम्ही तसे नाही’ असं तो म्हणतो आणि बोलणं पैशावरून स्वभावावर घसरतं.

यातलं एक वाक्य थोडं थांबून वाचण्यासारखं आहे, ते म्हणजे काम थांबल्यास उरलेली रक्कम परत करण्याचं. अनेकजण इथं ‘आगाऊ रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असं ठणकावून लिहितात. जमिनीच्या व्यवहारातली इसार पावती त्यांच्या डोळ्यांपुढे असते. पण इसार वेगळा आणि आगाऊ रक्कम वेगळी. इसार हा सौदा पाळण्याची हमी म्हणून दिलेला असतो. सौदा मोडणाऱ्याचा तो जप्त होऊ शकतो. किमतीचा भाग म्हणून आधी दिलेले पैसे तसे जप्त करता येत नाहीत. सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हा फरक स्पष्ट केला आहे. करार कायदाही मोडलेल्या कराराबद्दल वाजवी भरपाईच देऊ करतो, मग कागदावर रक्कम कितीही लिहिलेली असो. तेव्हा ‘परत मिळणार नाही’ या धमकीपेक्षा ‘झालेल्या कामापोटी धरली जाईल’ हे वाक्य जास्त टिकाऊ. शिवाय ग्राहकाचीही एक भीती असते, आणि ती खोटी नसते: आगाऊ रक्कम घेऊन गायब झालेले डिझायनर त्यानंही पाहिलेले असतात. परतीचं वाक्य आणि दहा दिवसांत हातात काहीतरी येण्याचं आश्वासन ही त्या भीतीवरची उत्तरं आहेत.

डोमेन ग्राहकाच्या नावावर ठेवण्यामागेही हाच विचार आहे. काहीजण पैसे वसूल होईपर्यंत डोमेन स्वतःच्या नावावर अडकवून ठेवतात. त्यानं भांडण वाढतं आणि डिझायनरची बाजू लंगडी होते. अडवून ठेवण्याजोगी तिची स्वतःची गोष्ट म्हणजे तिचं काम. ते शेवटचा हप्ता येईपर्यंत चाचणीच्या पत्त्यावर, पासवर्डच्या मागे असतं. हक्कांचं वाक्य त्याला कायद्याचा आधार देतं. कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या माणसानं लिहिलेल्या कोडचा पहिला मालक सहसा तो स्वतः असतो, आणि हक्क दुसऱ्याकडे द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. म्हणून शेवटचा हप्ता आल्यावर हक्क दिल्याचा सहीचा एक छोटा कागद तिनं ग्राहकाला द्यायला हवा. छायाचित्रकारांनी मात्र इथं सावध राहावं: पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, सांगणारा ठरतो.

सांगलीहून उत्तर दोन दिवसांनी आलं. ‘पत्र मिळालं. पण ताई, आमच्या सीएंचं म्हणणं आहे की बिल झाल्याशिवाय पैसे देता येत नाहीत.’

ही अडचण खरी असते, बहाणा नसतो. उत्तर सोपं आहे: आगाऊ रकमेचंही बिल पाठवायचं. तेही कोऱ्या ‘ॲडव्हान्स’ या शब्दाचं नको, ‘पहिल्या टप्प्याच्या कामापोटी’ असं. जीएसटी नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावता येत नाही. असेल तर सेवेच्या आगाऊ रकमेवरही कर लागतो, हे तिनं रक्कम सांगण्याआधीच धरायला हवं. ग्राहक टीडीएस कापणारा असेल तर तो आगाऊ रकमेतूनही कापतो. व्यावसायिक सेवेसाठी, वर्षाची एकूण रक्कम पन्नास हजारांवर जाणार असेल तर, दर बहुधा १० टक्के असतो. म्हणजे २७,००० च्या जागी खात्यात २४,३०० दिसतात. उरलेले २,७०० तिच्या पॅनवर जमा होतात आणि विवरणपत्रात वळते होतात. हे ठाऊक नसलेली माणसं ‘पैसे कमी आले’ म्हणून पहिल्याच दिवशी रागावून फोन करतात.

दुसरा मुद्दा उत्पादकानं स्वतः फोनवर काढला. ‘३० टक्के जरा जास्त होतात. २० करा.’ इथं टक्क्यांवर घासाघीस करणं ही चूक. टक्का कमी केला की उघड्यावरची रक्कम वाढते, आणि ती कशी वाढते हे फोनवर मोजता येत नाही. कमी पैसे आधी द्यायचे असतील तर आधीचं काम कमी करायचं. तिनं सांगितलं, “मग साहेब, सध्या फक्त रचनेचं काम करू. तीस हजारांचं वेगळं काम धरू, पंधरा आधी, पंधरा रचना पाठवल्यावर. आवडलं तर बांधणीचं पत्र पुन्हा पाठवते. नाही आवडलं तर रचना तुमची, दुसऱ्या कुणाकडूनही बांधून घ्या.” नव्या ग्राहकाला हे पटतं, कारण त्याची जोखीम नव्वद हजारांवरून तीसवर येते. तिलाही परवडतं. ग्राहक वेळेवर पैसे देतो का, दुरुस्त्या नेमक्या सांगतो का, हे दहा दिवसांत कळतं.

आणि इतकं करूनही शेवटचा हप्ता अडकला तर? इथं एका नोंदणीचा उपयोग होतो, जी फुकट असून अनेक एकटी काम करणारी माणसं करत नाहीत: उद्यम नोंदणी. सेवा देणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून ती आधार आणि पॅनच्या आधारे ऑनलाइन करू शकते. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला, आणि ती तारीख कितीही लांबची ठरवली तरी काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात. लेखी काही ठरलं नसेल तर मुदत १५ दिवसांची. पंधरा दिवसांत ग्राहकानं लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारलं असं कायदा मानतो. तिच्या पत्रातलं ‘टप्पा मान्य आहे असे धरेन’ हे वाक्य त्यामुळे उद्धट ठरत नाही. मुदत उलटली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. तक्रार केंद्र सरकारच्या पोर्टलवर करता येते. ती राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते. तिथं निकाल लागायला वेळ लागतो, हे खरं. पण थकबाकीच्या स्मरणपत्रात उद्यम क्रमांक दिसला की सीए जागे होतात. त्याचं कारण आयकरात आहे: मुदतीत न दिलेलं असं बिल ग्राहकाला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतं. ही नोंदणी मात्र काम ठरण्याआधी झालेली हवी. वाद उभा राहिल्यावर केलेली नोंदणी मागच्या व्यवहाराला लागू पडत नाही असं न्यायालयांनी म्हटलं आहे.

सांगलीच्या व्यवहारात तिथवर जावं लागलं नाही, असं धरू. पंधरा हजारांचं बिल गेलं. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आला. तिनं ‘मिळाले’ असं उत्तर लगेच पाठवलं नाही. बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसेपर्यंत थांबली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली, १३,५००, टीडीएस वजा होऊन. त्याच ईमेलला उत्तर देऊन तिनं काम सुरू होण्याची आणि रचना पोचण्याची अशा दोन तारखा कळवल्या, आणि खाली एक ओळ लिहिली: पाकिटांचे फोटो गुरुवारपर्यंत पाठवावेत.